दाताच्या खुर्चीतली गाणी: क्रम, लय आणि इअरफोन

प्रश्न: "पुढच्या आठवड्यात खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल आहे. खुर्चीत बसलं की हातपाय गार पडतात. शांत गाण्यांनी फरक पडतो का? कोणती निवडू, हेडफोन कोणते नेऊ?"

उत्तर:

फरक पडतो. पण एकदम सगळ्यात संथ गाणं लावलंत तर उपयोग होणार नाही. छाती धडधडत असताना मन त्या गाण्यावर ठरत नाही, उलट चिडचिड होते. संगीतोपचारात आधी मनाच्या आताच्या वेगाला जुळणारं गाणं घेतात आणि मग हळूहळू वेग उतरवतात. तुम्हीही तेच करा.

बाहेर थांबायची पंधरा मिनिटं धरा. पहिली दोन गाणी मध्यम चालीची आणि शब्द तोंडपाठ असलेली घ्या. ओळखीच्या शब्दांमागे मन आपोआप जातं, आतल्या आवाजांकडे कान लागत नाहीत. इथे हलकं गुणगुणलात तर उत्तमच, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपसूक लांबतो. तिसऱ्या गाण्यापासून मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांची लय हवी. मोजणं सोपं आहे: घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते पाहा, पंधरा ते अठरा आले की गाणं यादीत. अशा लयीत तीन ठोके श्वास आत आणि पाच ठोके बाहेर, तोही नाकाने. हे घरी दोन-तीन दिवस करून पाहा, म्हणजे खुर्चीत मोजावं लागणार नाही.

ज्या गाण्याने डोळे भरून येतात ते कितीही आवडतं असलं तरी नको. रडू दाटलं की नाक चोंदतं, आणि तोंडात पाणी व कापूस असताना श्वासाला नाकच उरतं. तिथे गुदमरल्यासारखं झालं की भीती दुप्पट.

खुर्चीत बसल्यापासून पुढे फक्त वाद्यसंगीत ठेवा: बासरी, सरोद, पियानो, जे आवडेल ते. शब्द असले की जीभ आणि टाळू नकळत हलतात, आणि सुई किंवा ड्रिल तोंडात असताना ते चालणार नाही. पाय ठेका धरेल अशी चालही टाळा, त्याने डोकंही हलतं. खालच्या दाढेची भूल चढायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. खालचा ओठ जड झाला की ती चढू लागली असं समजा. या वेळेसाठी एकच लांब, सलग तुकडा ठेवा. भुलेच्या औषधात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलीन असतं, त्यामुळे इंजेक्शननंतर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. ती औषधाची धडधड आहे, गाणी फसली असं समजून यादी बदलत बसू नका. थोड्या वेळात ती ओसरली नाही तर मात्र डॉक्टरांना सांगा.

आता इअरफोन. बहुतेकांची चूक इथेच होते. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन ड्रिलचा आवाज बंद करतील असं वाटतं, पण तो आवाज दातातून आणि जबड्याच्या हाडातूनही थेट आतल्या कानात पोचतो. शिवाय कानाचं भोक बंद झालं की हाडातून येणारे खर्जातले आवाज आणखी मोठे ऐकू येतात. दोन्ही कान बोटांनी बंद करून "हं" म्हणून पाहा, लगेच कळेल. हळू फिरणाऱ्या ड्रिलची घरघर अशीच डोक्यात घुमते. वेगवान ड्रिलची बारीक शीळ आवाज-रोधक हेडफोनही नीट कापू शकत नाहीत. ते मुख्यतः सक्शनसारख्या सलग, जाड आवाजावर चालतात. म्हणून सैल बसणारे साधे इअरफोन घ्या. डोक्यावरच्या पट्टीचे नकोत, मान टेकवताना पट्टी सरकते आणि डॉक्टरांच्या हातात येते.

तुमची दाढ उजवीकडची, तर इअरफोन फक्त डाव्या कानात घाला. उजवा कान "तोंड मोठं उघडा" हे ऐकायला मोकळा राहील आणि कामाच्या बाजूला काही लोंबणार नाही. वायर असेल तर ती ॲप्रनखालून घ्या. एका कानात घालताना फोनमध्ये मोनो आवाज चालू करा, नाहीतर दुसऱ्या बाजूची वाद्यं गायब होतात.

यादी तासाभराची करून फोनवर उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. शफल बंद ठेवा. शांत बासरीच्या मधोमध कर्कश जाहिरात आली तर दचकून डोकं हलतं, आणि त्या क्षणी तोंडात काय असेल सांगता येत नाही.

बसण्याआधी डॉक्टरांशी खूण ठरवा: डावा हात वर म्हणजे थांबा. दुखलं तर गाण्याचा आवाज वाढवू नका, हात वर करा, भूल वाढवता येते. आणि नुसत्या अपॉइंटमेंटच्या विचाराने झोप उडत असेल किंवा आधी कधी खुर्चीतून उठून आला असाल, तर गाण्यांवर विसंबू नका. लाफिंग गॅस किंवा शामक औषधाबद्दल आधीच विचारा. गाणी त्यासोबतही चालतात.