‘राजा’ तीन अक्षरी: भूपती की नृपती?

प्रश्न: मी अकरावीत आहे. एका कोडे-मासिकाच्या शब्दकोड्यात ‘राजा’ या क्लूसाठी मी ‘भूपती’ लिहिलं, पुढच्या अंकात उत्तर ‘नृपती’ आलं. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत. संपादकांना पत्र कसं लिहू, म्हणजे ते गांभीर्याने घेतील?

उत्तर:

मी बरीच वर्षं शब्दकोडी रचतो आणि एका मासिकासाठी इतरांनी रचलेली तपासतोही. अशी पत्रं माझ्याकडे येतात आणि ती मी मनापासून वाचतो, कारण रचणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीपासून असतं. दुसरं उत्तर बसतंय हे त्याला दिसत नाही, सोडवणाऱ्याला दिसतं. तरी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बाजूला ठेवावी लागतात. त्यांत फक्त ‘हा शब्दही त्याच अर्थाचा आहे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढ्याने दुसरं उत्तर सिद्ध होत नाही. दुसरा शब्द त्याच चौकटीत, त्याच घरांत, आजूबाजूच्या शब्दांना धक्का न लावता बसतो, हे दाखवावं लागतं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी कोडं पुन्हा समोर घ्या. भूपती आणि नृपती यांत फरक फक्त पहिल्या घरात आहे. ‘प’ आणि ‘ती’ दोन्हीकडे सारखे. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या घरातून जाणारे उभे शब्द इथे काहीच ठरवू शकत नाहीत. सगळा निकाल पहिल्या घरावर आहे, आणि त्या घरातून उभा शब्द जातो की नाही एवढंच बघायचं आहे.

जात नसेल, म्हणजे ते घर फक्त आडव्या शब्दाचं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. आपल्याकडच्या बहुतेक कोड्यांत अशी एकेरी घरं असतातच. अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावं लागतं, त्यामुळे एका शब्दाबद्दलची शंका दुसऱ्या शब्दाने मिटते. मराठीत एका घरात काना-मात्रा, जोडाक्षरासह अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे सगळी घरं दुहेरी करणं फार अवघड जातं. रचनाकार एकेरी घरं ठेवतो ते त्यामुळेच. पण मग त्या घरातलं अक्षर क्लूनेच पक्कं केलं पाहिजे, आणि नुसत्या ‘राजा’ या क्लूने ते होत नाही.

आता समजा पहिलं घर दुहेरी आहे. तरी लगेच माघार घेऊ नका. त्या घरातून सुरू होणारा उभा शब्द दोन घरांचा असेल आणि त्याचा क्लू ‘नरेश’ असेल, तर तिथे भूपही चालेल आणि नृपही. म्हणजे भूपती-भूप ही एक जोडी आणि नृपती-नृप ही दुसरी. दोन्ही जोड्या चौकटीत पूर्ण बसतात, फक्त त्यांची सरमिसळ चालत नाही. अशा वेळी ‘उभ्या शब्दाने उत्तर ठरतं’ असं संपादक म्हणू शकत नाहीत, कारण उभा शब्द आडव्याबरोबर बदलतो. मात्र त्या उभ्या शब्दाचा क्लू ‘भूकंप मोजणारे शास्त्र’ असा काही असेल, तर पहिलं अक्षर ‘भू’च येणार आणि वाद तिथेच संपतो. तुमच्या कोड्यात छापलेलं उत्तर नृपती आहे, म्हणून उभा शब्द असेलच तर तो ‘नृ’वर अडतो का ते पाहा. ‘नृत्य’सारखा एकच शब्द तिथे बसत असेल, तर तुमचं उत्तर चुकलेलं आहे आणि पत्राची गरज नाही.

दोन उत्तरं प्रत्येक वेळी चुकूनच येतात असंही नाही. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यात उद्याच्या वर्तमानपत्राची मुख्य बातमी काय असेल, असा क्लू होता. रचनाकार जेरेमाया फॅरेल, संपादक विल शॉर्ट्झ. तिथे क्लिंटन हे नावही बसत होतं आणि बॉब डोल हेही, इंग्रजी स्पेलिंगने दोन्ही सात अक्षरी. प्रत्येक उभ्या शब्दाचा क्लूही दोन्ही बाजूंनी चालेल असा बांधलेला होता. हॅलोवीनच्या काळ्या प्राण्याच्या जागी ‘कॅट’ लिहिलं की क्लिंटनचं पहिलं अक्षर मिळायचं, ‘बॅट’ लिहिलं की बॉब डोलचं. निकालाआधीच एक जण विजयी ठरवला, अशी अनेक वाचकांची समजूत झाली आणि ते तक्रार करायला धावले. मला ते कोडं फार आवडतं, कारण त्यात दोन उत्तरांची जबाबदारी रचनाकाराने स्वतः घेतली आहे. तुमच्या ‘राजा’मध्ये तसा काही बेत दिसत नाही. पण पत्र पाठवण्याआधी कोड्याचं शीर्षक आणि नियम एकदा वाचा.

या गफलतीचं मूळ समजलं, तर पत्रात ते एका वाक्यात सांगता येतं. आपल्याकडे संस्कृतातून आलेले सामासिक शब्द एकाच साच्यात घडतात. पाण्याच्या नावाला ‘ज’ लावला की कमळ: जलज, नीरज, अंबुज. ‘द’ लावला की ढग: जलद, नीरद, अंबुद. हे सगळे तीन अक्षरी आहेत आणि प्रत्येक गटात शेवटचं अक्षर सारखं आहे. म्हणजे ‘कमळ’ हा क्लू देऊन फक्त शेवटचं घर दुहेरी ठेवलं, तर सोडवणाऱ्याच्या हातात ‘ज’शिवाय काहीच पडत नाही. भूपती आणि नृपती याच जातीचे आहेत, फक्त इथे एका अक्षराचाच फरक उरतो, म्हणून धोका जास्त. एका शब्दाचा क्लू आणि समासाचं उत्तर अशी जोडी दिसली की मी स्वतः उत्तरं झाकून ते कोपरे पुन्हा सोडवून पाहतो.

यावर दुरुस्ती सोपी असते, आणि पत्रात ती सुचवलीत तर संपादकाला बरं वाटतं. क्लू ‘माणसांचा स्वामी, राजा’ असा असता तर नृपतीच आलं असतं, कारण नृ म्हणजे माणूस. ‘पृथ्वीचा स्वामी, राजा’ असता तर भूपती. नरपती आणि महीपती चार अक्षरी असल्याने ते आपोआप बाहेर पडतात.

कोशाचा आधार द्याच, पण एक लक्षात ठेवा. जुन्या मराठी कोशांत हे शब्द भूपति, नृपति असे ऱ्हस्व ‘ति’ने छापलेले असतात. तत्सम शब्दांचा शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम नंतरचा आहे. तेव्हा पत्रात शब्द आजच्या लेखनाप्रमाणे लिहा आणि कोशातला पान क्रमांक द्या, म्हणजे कोणी ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा काढणार नाही. हा मुद्दा उलट बाजूनेही लागू पडतो. ‘दिवस’ या क्लूला ‘दिन’ हवा आणि तुमचं उत्तर उभ्या शब्दामुळे ‘दीन’ होत असेल, तर ते उत्तर पडलं. ऱ्हस्व-दीर्घ सैल करून बसवलेलं दुसरं उत्तर मी कधी मान्य करत नाही.

मला असं पत्र आलं तर आवडेल (मासिकाचा अंक आणि घरांचे क्रमांक तुमच्या कोड्याप्रमाणे घाला):

> माननीय संपादक,
> सप्रेम नमस्कार.
>
> मी आपल्या मासिकाची नियमित वाचक असून अकरावीत शिकते. मागील अंकातील शब्दकोड्यात १७ आडवा, ‘राजा’, तीन घरे, याचे उत्तर आपण ‘नृपती’ असे दिले आहे. मी ‘भूपती’ लिहिले होते.
>
> दुसऱ्या घरात ९ उभा या शब्दातून ‘प’ येतो आणि तिसऱ्या घरात १२ उभा या शब्दातून ‘ती’. पहिल्या घरातून उभा शब्द जात नाही. त्यामुळे ‘भू’ की ‘नृ’ हे चौकटीवरून ठरत नाही आणि क्लूवरूनही ठरत नाही. दोन्ही शब्दांचा ‘राजा’ हा अर्थ शब्दकोशात मिळतो. त्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> क्लू ‘माणसांचा स्वामी, राजा’ असा असता तर एकच उत्तर आले असते, असे मला वाटते. या कोड्यासाठी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत, ही विनंती.
>
> आपली नम्र,
> (नाव, इयत्ता)

तुम्ही मुलगा असाल तर क्रियापदं बदला. पत्र एवढंच लांब ठेवा. अंकातल्या बाकीच्या कोड्यांबद्दलच्या तक्रारी त्यात घालू नका, आणि ‘तुमचं उत्तर चुकलं’ असंही लिहू नका. नृपती चुकलेलं नाहीच. तुमची मागणी दोन्ही उत्तरं मान्य व्हावीत एवढीच आहे, आणि संपादकाला ती मान्य करणं सोपं जातं. मागच्या अंकाचं उत्तर रद्द करायचं म्हटलं की तो आधी रचनाकाराच्या बाजूने उभा राहतो. मीही राहतो.

कोड्यावर बक्षीस असेल तर वेळ फार महत्त्वाची. सोडत झाल्यानंतर पत्र आलं तर पुढच्या अंकात खुलासा छापता येतो, त्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. सोडतीआधी आलं तर दोन्ही उत्तरांच्या प्रवेशिका एकाच गठ्ठ्यात घेता येतात. पुढे कधी अंतिम तारखेआधीच असा घोळ लक्षात आला, तर प्रवेशिकेत एकच उत्तर लिहा. एका घरात दोन अक्षरं लिहिली की प्रवेशिका बहुतेक ठिकाणी बाद होते. दुसऱ्या उत्तराबद्दल वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या ईमेलने संपादकांना कळवा, आणि उत्तरं प्रसिद्ध होईपर्यंत ते इतर कुणाला सांगू नका.

संपादकांनी नकार दिला, तर कारण काय दिलंय ते पाहा. ‘पहिल्या घराचा उभा शब्द पाहा’ असं असेल, तर चौकट पुन्हा तपासा, कदाचित तुमच्या नजरेतून तो निसटला असेल. ‘नृपती जास्त प्रचलित आहे’ असं असेल, तर ते कारण मला पटत नाही. क्लूमध्ये ‘प्रचलित’ हा शब्द नव्हता. एवढं एक वाक्य लिहून पुन्हा एकदा विचारायला हरकत नाही.