अँबियन्स की इफेक्ट? 'गजबज' आणि 'धाडकन'

प्रश्न: "शॉर्टफिल्मचा एक सीन एसटी स्टँडवर शूट केला, पण वारा आणि जनरेटरमुळे सगळा आवाज वाया गेलाय. साउंडवाला म्हणतो डबिंग करू, खाली अँबियन्सचे लेयर टाकू आणि वर इफेक्ट्स. अँबियन्स आणि इफेक्ट यात नेमका फरक काय? मराठीत यासाठी शब्द आहेत का?"

शब्द आहेत की. धाडकन, टपकन, खाडकन असे 'कन'वाले शब्द घ्या, तो आवाज एकदाच होतो आणि एका ठरावीक क्षणाला होतो. धडधड, टपटप, गजबज, रिपरिप हे मात्र चालूच राहतात, त्यांना सुरुवात-शेवट नसतो. ढोबळपणे पहिली जात म्हणजे इफेक्ट आणि दुसरी म्हणजे अँबियन्स. पण हा नियम पूर्ण पुरत नाही, कारण कंडक्टरचा पंच टकटक वाजतो, शब्द जोडीचा आहे पण पडद्यावर त्याचा हात हलताना दिसतोय, म्हणजे तो इफेक्टच. म्हणून खरी कसोटी अशी लावा की आवाज अर्धा सेकंद पुढेमागे सरकवला तर चूक कळते का? कळली तर इफेक्ट, नाही कळली तर अँबियन्स. फॉली हा इफेक्टमधलाच एक प्रकार, पावलं, कपड्यांची सळसळ, पिशवी ठेवल्याचा आवाज, हे चित्र बघत बघत माणूस स्वतः करून रेकॉर्ड करतो. नाव युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फॉली यांच्यावरून पडलंय.

आता हे वेगळे ठेवायचे कशाला, तर तुमच्या सीनमध्ये समजा आई मुलाला गाडीत बसवून देतेय आणि शॉट सारखे बदलतायत, आई, मुलगा, लांबून गाडी. इफेक्ट शॉटबरोबर बदलतात, अँबियन्सने मात्र कटवर तुटायचं नसतं, ती सीनभर सलग वाहते आणि तिच्यामुळेच वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट एका जागेचे वाटतात. शूटिंगचा आवाज वाया गेला की सगळ्यात आधी हे सलगपणच जातं.

अँबियन्स एकाच रेकॉर्डिंगची टाकू नका, तीन थर करा. तळाला उभ्या गाड्यांची डिझेल इंजिनची घरघर, मधे माणसांची गजबज ज्यात एकही वाक्य स्पष्ट कळत नाही, आणि वर चिमण्या-कावळे किंवा लांबचा फेरीवाला. मधला थर सगळ्यात त्रासदायक कारण तो डायलॉगच्याच पट्टीत असतो, तिथे इक्यूने, म्हणजे आवाजाची ठरावीक पट्टी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, 2 ते 4 किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी केले की शब्द मोकळे होतात. सगळी अँबियन्स मिळून डायलॉगच्या 15-20 डीबी खाली ठेवून सुरुवात करा, पुढचं कानाने ठरवा.

रेकॉर्डिंगसाठी शक्यतो त्याच स्टँडवर त्याच वेळेला परत जा आणि न बोलता चार-पाच मिनिटं घ्या, माइकला वाऱ्याचं कव्हर लावून, नाहीतर तीच चूक परत. लायब्ररीतला आवाज घेतलात तर त्यातले पक्षी नीट ऐका, परदेशी पक्षी किंवा परदेशी सायरन असेल तर आपल्याकडच्या माणसाला काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं, आणि सीन डिसेंबरचा असेल तर कोकिळा नको. तुकडा लूप करताना त्यातला ओळखू येणारा हॉर्न किंवा खोकला आधी कापून टाका, नाहीतर तोच हॉर्न दर 40 सेकंदांनी परत येतो आणि लगेच पकडला जातो. तिन्ही थरांची लांबी वेगळी ठेवा, समजा 47, 71 आणि 90 सेकंद, म्हणजे जोड एकाच ठिकाणी येत नाहीत.

मग इफेक्ट. इथे सगळं दिसतं ते वाजवायचा मोह होतो, तो टाळा. या सीनला माझ्या मते तीनच महत्त्वाचे आहेत, पिशवी बाकावर ठेवल्याचा, गाडीचं दार धाडकन लागल्याचा आणि कंडक्टरची डबल बेल, कारण डबल बेल म्हणजे गाडी निघाली हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही, आईचा चेहरा तेवढ्यावर बदलू शकतो.

डायलॉगला मात्र थरांनी काही होत नाही, ते डबच करावे लागतात. स्टुडिओतला आवाज फार कोरडा येतो, त्याला स्टँडच्या छपराइतका छोटा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्या आणि लांबच्या शॉटला वरची धार थोडी कमी करा. खराब मूळ ट्रॅक ओठ जुळवायला शेवटपर्यंत ठेवा, पण फायनलमध्ये डबिंगखाली हळू आवाजातसुद्धा चालू ठेवू नका, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून पोकळ, पाइपमधून आल्यासारखं ऐकू येतं आणि जनरेटर प्रत्येक वाक्याबरोबर चालू-बंद होतो. शेवटी डायलॉगचा ट्रॅक म्यूट करून सीन बघा, कुठेही आवाजात भोक पडलं किंवा कटवर जागा बदलल्यासारखी वाटली तर तिथली अँबियन्स अजून सलग झालेली नाही.