पर्याय खोडताना: कप्पी, विहीर आणि विद्युतभारित कडी

सर, फोटो पाठवला आहे. गुळगुळीत टेबलावर m₁, कप्पीवरून खाली लटकलेला m₂, आणि कप्पी म्हणजे M वस्तुमानाची चकती. त्वरण विचारलंय. मला सोडवायला चार-पाच मिनिटं लागतात. नुसते पर्याय बघून किती खोडता येतात?
– बारावीचा विद्यार्थी, चोपडा

तुझ्या फोटोत मोबाइलची सावली पडली आहे आणि टेबल गुळगुळीत असल्याचा शब्द अर्धाच दिसतो. तरी काळजी नको. चारही पर्यायांत घर्षणाचा μ कुठेच नाही, म्हणजे टेबल गुळगुळीतच आहे. पर्याय असे:

(१) a = m₂g / (m₁ + m₂ + M)
(२) a = m₂g / (m₁ + m₂ + M/2)
(३) a = (m₂ − m₁)g / (m₁ + m₂ + M/2)
(४) a = m₂g / (m₁ + m₂ − M/2)

एककं तपासून इथे काही हाती लागत नाही. चारही ठिकाणी वर वस्तुमान गुणिले g आणि खाली वस्तुमान आहे. पेपर काढणाऱ्याने ती वाट बंद करून ठेवली आहे, त्यामुळे टोकाच्या परिस्थितीकडे जायचं.

आधी कप्पी जड करत जा. कप्पी जितकी जड, तितकी ती फिरायला नाखूश, म्हणून त्वरण कमी कमी होत शून्याकडे गेलं पाहिजे. पर्याय ४ मध्ये M वाढवला की छेद लहान होतो आणि त्वरण वाढतं. M = 2(m₁ + m₂) झाला की छेदच शून्य. हा पर्याय गेला. अनंतापर्यंत जायची सवय नसेल तर आकडे घाल: m₁ = 2 किलो, m₂ = 1 किलो, M = 2 किलो, g = 10. कप्पीला वजनच नसतं तर त्वरण 10/3, म्हणजे सुमारे 3.3 आलं असतं. पर्याय ४ देतो 5. जड कप्पीने वेग वाढवला, असं होत नाही.

आता टेबलावरचा ठोकळा जड करत जा. पर्याय ३ मध्ये m₁ हा m₂ पेक्षा मोठा झाला की त्वरण ऋण येतं. त्याचा अर्थ असा, की टेबलावर आडवा पडलेला ठोकळा लटकलेल्या वजनाला वर ओढतो. त्याचं वजन टेबलाने पेललेलं आहे, दोरीच्या दिशेने ते काहीच ओढत नाही. जड ठोकळ्यामुळे हालचाल मंद होईल, उलटी कधीच होणार नाही. दोन्ही वजनं लटकलेली असतात त्या गणितात m₂ − m₁ येतो. ते सूत्र पाठ असलेल्या मुलाला अडकवायलाच हा पर्याय ठेवलेला असतो.

उरले १ आणि २. इथे बरीच मुलं थांबतात, कारण नेहमीच्या सगळ्या कसोट्यांवर हे दोघे सारखंच उत्तर देतात. M शून्य करा, M अनंत करा, m₂ अनंत करा, फरक पडत नाही. वाद फक्त M च्या पुढच्या गुणकाचा आहे, तो 1 की 1/2. अशा वेळी वस्तूचा आकार बदलून बघायचा. समजा कप्पीचं सगळं वस्तुमान कडेला आहे, म्हणजे ती चकती नसून कडी आहे. मग कप्पीचा प्रत्येक कण दोरीच्याच वेगाने सरकतो आणि तिचं पूर्ण M टेबलावरच्या ठोकळ्यासारखंच छेदात बसतं. चकतीचं पुष्कळ वस्तुमान मात्र अक्षाजवळ असतं आणि दोरीपेक्षा हळू फिरतं. म्हणून तिचा वाटा M पेक्षा कमीच असणार. पर्याय १ कडीचा, पर्याय २ चकतीचा.

या पद्धतीची हद्द मात्र ओळखून ठेव. गुणक 1 पेक्षा कमी आहे एवढंच या विचाराने कळतं. एखाद्या पर्यायात M/3 असता तर चकतीचं जडत्व आघूर्ण ½MR² माहीत असल्याशिवाय सुटका नव्हती. दुसरं म्हणजे, दोरी कप्पीवर घसरत नाही हे सगळ्यांनीच धरलेलं आहे. कप्पीवर घर्षण अजिबात नसेल तर ती फिरणारच नाही आणि M उत्तरात येणारच नाही.

चार-पाच मिनिटं लागतात असं तू लिहिलंस, त्याचं कारण बहुधा दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण तू सारखा धरतोस आणि मग अडकतोस. कप्पीला वस्तुमान असलं की दोन ताण वेगळे:

m₂g − T₂ = m₂a
T₁ = m₁a
T₂ − T₁ = Ma/2

तिन्हींची बेरीज केली की ताण आपोआप निघून जातात आणि पर्याय २ समोर येतो. तिसऱ्या ओळीत त्रिज्या दोन्हीकडून कटली आहे, म्हणून ती उत्तरात दिसत नाही.

माझी मुलगी नीटची तयारी करते. विहिरीत दगड सोडला, ३ सेकंदांनी आवाज ऐकू आला, तर पाणी किती खोल, असा प्रश्न होता. तिने वहीत काही न मांडता अर्ध्या मिनिटात उत्तर सांगितलं. बरोबर निघालं, पण हा तुक्काच नाही का?
– केळी उत्पादक, यावल तालुका

नाही दादा, तुक्का नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 30, 41, 45 आणि 49 मीटर असे पर्याय आहेत, आवाजाचा वेग 340 मीटर प्रतिसेकंद आणि g = 10 दिला आहे. तिने काय केलं असेल ते सांगतो.

आवाज वर यायला वेळच लागत नाही असं क्षणभर धरलं, तर दगड पूर्ण ३ सेकंद पडला आणि खोली 5 × 9 = 45 मीटर. पण आवाजाला थोडा तरी वेळ लागतोच, म्हणजे दगडाला ३ सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळाला. खोली 45 पेक्षा कमीच. 45 आणि 49 दोन्ही एका झटक्यात गेले. आता 30 बघा. 30 मीटर पडायला दगडाला सुमारे 2.45 सेकंद लागतात. उरलेल्या 0.55 सेकंदात आवाज जवळपास 187 मीटर जातो. विहीर 30 मीटरची आणि आवाज 187 मीटर चालला, हे जुळत नाही. राहिले 41.

याच अंदाजाने उत्तर पक्कंही करता येतं. 45 मीटर यायला आवाजाला साधारण 0.13 सेकंद लागतात, म्हणून दगड 2.87 सेकंद पडला. 5 × 2.87 × 2.87 म्हणजे 41.2 मीटर. वर्गसमीकरण मांडून काढलेलं उत्तर 41.4 येतं. फरक वीस सेंटिमीटरचा. म्हणून पर्यायांतलं अंतर मीटरचं असेल तर हा अंदाज पुरतो. 41.2 आणि 41.4 असे दोन पर्याय शेजारी असते तर मात्र तिला वही उघडावीच लागली असती. तिला एवढंच विचारा, की अंदाजात किती चूक असू शकते. त्याचं उत्तर तिला देता आलं, तर तिची पद्धत पक्की आहे.

कडीवर Q भार आहे, अक्षावर केंद्रापासून x अंतरावर विद्युत क्षेत्र किती? मी x = 0 आणि x खूप मोठा, दोन्ही लावून बघितलं. तरी दोन पर्याय उरतात. फोटो सोबत आहे.
– शहादा

पर्याय: (१) kQ/(x² + R²), (२) kQx/(x² + R²)^(3/2), (३) kQR/(x² + R²)^(3/2), (४) kQx²/(x² + R²)².

केंद्रात समोरासमोरचे भार एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे क्षेत्र शून्य. तिथे १ आणि ३ जातात. दूरवरून कडी बिंदूसारखी वागते, म्हणून kQ/x² यायला हवं. ते २ आणि ४ दोघेही देतात. चौथा पर्याय मुद्दाम दोन्ही टोकांना बसेल असा रचलेला आहे, म्हणून टोकं सोडून मधली एखादी सोपी जागा निवड.

x = R घे. कडीचा प्रत्येक कण तुझ्यापासून √2·R अंतरावर आहे आणि तिथून येणारं क्षेत्र अक्षाशी 45 अंश करतं. आडवे घटक जोडीने रद्द होतात, अक्षावरचा 0.707 पट भाग उरतो. म्हणजे kQ/2R² गुणिले 0.707, अर्थात 0.35 kQ/R². पर्याय २ मध्ये x = R टाकलं की 1/2.83, तेच 0.35. पर्याय ४ देतो 0.25. निकाल लागला.

आणखी एक खूण आहे, मला ती जास्त आवडते. केंद्रापासून किंचित सरकलं तर प्रत्येक कणाचं अंतर जवळजवळ R च राहतं, फक्त अक्षाकडचा वाटा x/R इतका होतो. म्हणून केंद्राजवळ क्षेत्र x च्या समप्रमाणात वाढतं, x² च्या नाही. शिवाय x च्या जागी −x टाकलं की क्षेत्राची दिशा उलटली पाहिजे. वर्ग असलेल्या सूत्राला ते जमतच नाही.

एकच पर्याय खोडता आला तर खूण करावी की प्रश्न सोडावा?
– धुळे

परीक्षा कोणती, त्यावर आहे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे प्रश्न रिकामा ठेवू नये. नीटमध्ये बरोबरला 4 मिळतात आणि चुकीला 1 जातो. तीन पर्याय उरले असतील तर सरासरी 2/3 गुणाचा फायदा, दोन उरले तर दीड गुणाचा. हा हिशेब फक्त एका अटीवर खरा आहे: खोडलेला पर्याय खरोखर चुकीचा असला पाहिजे. बरोबर उत्तरच खोडलं गेलं तर उरलेल्यांत कुठेही खूण करा, 1 गुण जाणारच. म्हणून प्रत्येक खोडलेल्या पर्यायाशेजारी कच्च्या कागदावर दोन शब्दांत कारण लिही, ‘M वाढला तर a वाढतो’ असं. कारण लिहिता आलं नाही तर तो पर्याय खोडलेला धरू नकोस. जेईई मेनच्या ज्या प्रश्नांत आकडाच भरायचा असतो, तिथे खोडायला पर्याय नसतात. विहिरीसारखी वरची मर्यादा काढून आपलं उत्तर तपासायला मात्र हीच रीत तिथेही चालते.

फोटोत घातांक नीट दिसत नाहीत, पुन्हा काढून पाठवू का?
– अमळनेर

हो, पाठव. R आणि R², किंवा m₁ आणि m₂ यांत गफलत झाली तर पुढचं सगळं वाया जातं. तोवर एककं लावून बघ, अस्पष्ट घातांक बहुतेक वेळा त्यातूनच सापडतो. पण m₁ की m₂ हे एककांतून कळणार नाही, दोघांचं एकक किलोच. फोटो काढताना आकृती आणि प्रश्नाची पहिली ओळ कापू नकोस. ‘गुळगुळीत’, ‘हलकी दोरी’, ‘घसरत नाही’ हे शब्द तिथेच असतात.