तारेचा व्यास आधी बघ

तुझा मसुदा वाचला. कॉन्स्टंटनची रोधकता तू 4.9026×10⁻⁷ Ω·m लिहिली आहेस. कॅल्क्युलेटरने दिले म्हणून सगळे आकडे उतरवायचे नसतात रे.

सूत्र ρ = πd²R/4L. तुझी लांबी 1.000 ± 0.001 m, म्हणजे 0.1 टक्का, सोडून दे. रोध 2.95 ± 0.02 Ω, म्हणजे 0.7 टक्का. व्यास 0.46 ± 0.01 mm, म्हणजे 2.17 टक्के. पण सूत्रात व्यासाचा वर्ग आहे, त्यामुळे त्याचा वाटा दुप्पट, 4.3 टक्के. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलंस तर 4.4 टक्के येतात. म्हणजे जवळपास सगळी अनिश्चितता एकट्या व्यासाची. उत्तर असं लिही: (4.9 ± 0.2)×10⁻⁷ Ω·m. आधी अनिश्चितता एका अंकावर आण, मग किंमत त्याच स्थानापर्यंत.

महागडा मल्टिमीटर मागत बसू नकोस, चांगला मायक्रोमीटर शोध. तारेवर वेगवेगळ्या जागी, प्रत्येक जागी काटकोनात दोनदा व्यास घे. सगळी वाचनं सारखीच आली तर अनिश्चितता शून्य होत नाही, उपकरणाचं लघुतम माप उरतंच. आपल्या गोव्याच्या पावसाळी दमटपणात जबड्यांवर गंज धरतो. शून्य त्रुटी दर वेळी तपास. ती सरासरीने जात नाही, वजाच करावी लागते.

आणि आलेखातल्या त्रुटिरेषा म्हणजे प्रमाण विचलन की सरासरीची प्रमाण त्रुटी, हे आकृतीखाली लिही. परीक्षक पहिलं तेच विचारतात.