लेझीम पथकाचे नाव: जुने ठेवावे की नवे?

"गावातले 'श्री भैरवनाथ लेझीम मंडळ' पुन्हा उभे करत आहोत. मुले-मुली तेरा ते सतरा वर्षांची आहेत. त्यांना 'बीट वॉरियर्स' हवे आहे, ज्येष्ठांना जुनेच. मधला मार्ग सुचवा."

देवाचे नाव काढू नका. मात्र मुलांनी ते हाक म्हणून वापरावे असा आग्रहही धरू नका, कारण मिरवणुकीत एवढे लांब नाव कोणीच पूर्ण उच्चारत नाही. निशाणावर आणि कागदपत्रांत जुने नाव राहू द्या, त्याखाली दोन शब्दांचे हाकेचे नाव जोडा आणि ते लेझीमच्याच बोलीतून घ्या.

'वॉरियर्स'ला माझा आक्षेप इंग्रजीमुळे नाही. योद्ध्याचे नाव ऐकणारा प्रेक्षक लाठी आणि दांडपट्ट्याची वाट पाहतो, तो खेळ मर्दानी खेळांच्या आखाड्याचा आहे. 'घुंगरू'ही चालणार नाही, कारण लेझीमचा आवाज साखळीतल्या लोखंडी चकत्यांचा असतो आणि जाणकार म्हातारे हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवतील. हलगीवरून नाव घेण्याचा मोह होत असेल, तर आधी तुमच्या हलगीवाल्यांना विचारा. ही कला परंपरेने प्रामुख्याने मातंग समाजातील कलावंतांनी जपली आहे, आणि त्यांना केवळ सुपारी देऊन त्यांच्या वाद्याचे नाव आपण मिरवणे बरे दिसत नाही. 'मर्द' किंवा 'रणवीर' घेतले, तर पथकातल्या मुली नावाबाहेर राहतात.

आम्ही स्वतः चुकलो होतो. आमचे नाव 'झंकार' होते. एका विसर्जन मिरवणुकीत त्याच नावाची आणखी दोन पथके निघाली आणि ध्वनिक्षेपकावर पुकारा झाला तेव्हा भलतेच पथक पुढे सरकले. नंतर आम्ही जुन्या लेझीम शिक्षकांना शाळेत शिकवायचे डाव क्रमाने म्हणायला सांगितले आणि मुलांनी त्यातून 'चार आवाज' उचलले. हा अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा डाव, त्यामुळे ज्येष्ठांना ते ओळखीचे वाटले, तर मुलांना एखाद्या बँडसारखे. शिवाय मोजून पाहा: चा-र-आ-वा-ज यांच्या मात्रा आठ होतात, म्हणजे आठच्या मोजणीत नाव नेमके बसते आणि डाव बदलताना त्याचीच आरोळी देता येते.

तुम्ही हेच नाव घ्यावे असे नाही. 'पवित्रा'सारखे शब्दही त्याच बोलीत आहेत. निवड झाल्यावर हलगी चालू असताना वीस पावलांवरून कोणाला तरी ते पुकारायला सांगा. उघडे 'आ'कार असलेली नावे त्या गोंगाटातून पोहोचतात, जोडाक्षरांची बहुतेक विरून जातात. मुले त्याचे लघुरूप काय करतात, तेही आठवडाभर कानावर पडू द्या आणि मगच टी-शर्ट छापायला टाका.