उन्हाळ्यात भूक मेली तर

"आई, सकाळी धावून आले की दुपारी भाकर घशाखाली उतरतच नाही. आजी म्हणते, लस्सी पी, आंबा खा, जेवण राहू दे. एवढ्यावर पायांत ताकद राहील का गं?"

बाळा,

आजीचं अर्धं बरोबर आहे. मे महिन्यात वर्धेकडे पारा 45 च्या घरात गेला की रक्त अंग गार ठेवायला कातडीकडे धावतं आणि पोटाच्या वाट्याला कमी येतं. अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते. मग भरलं ताट नकोसं वाटणारच. त्यामुळे दुपारी जबरदस्ती करू नकोस, पण दिवसाचं जेवण बुडवूही नकोस. ते उन्हं चढायच्या आधी आणि उतरल्यावर खायचं.

धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने भूक लागते, तेच तुझं खरं जेवण. ज्वारीची भाकर, वाटीभर झुणका आणि दोन उकडलेली अंडी. यात साधारण 30 ग्रॅम प्रथिनं होतात. तुझ्या 50 किलो वजनाला आणि रोजच्या धावण्याला दिवसाकाठी 60 ग्रॅम तरी हवीत, म्हणजे निम्मं काम सकाळीच उरकलं.

दुपारी लस्सी. पण ताकाला लस्सी समजू नकोस! ताक तहानेसाठी उत्तम, पण पेलाभर ताकात 2 ग्रॅमच्या आसपासच प्रथिनं असतात, बाकी पाणीच. आंब्यात तर नावालाच, त्यातून मिळते ती साखर. म्हणून लस्सीला मोठी वाटीभर, 200 ग्रॅम, घट्ट दही घे. 30 ग्रॅम फुटाण्याचं पीठ आधी थोड्या दह्यात कालव, नाहीतर गुठळ्या होतात. मग उरलेलं दही, एका आंब्याचा रस, चिमूटभर मीठ आणि माठातलं पाणी घालून रवीने घुसळ. झाली 12-13 ग्रॅम प्रथिनं. धावायच्या आधी मात्र ही पिऊ नकोस, पोटात डचमळते.

खरी अडचण दह्याची. या दिवसांत ते चार-पाच तासांत लागतं आणि तसंच ठेवलं तर दुपारपर्यंत आंबट ढाण होतं. झोपताना विरजण घाल, पहाटे भांडं फ्रिजमध्ये ठेव. वीज गेली तर माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेव, वर ओलं फडकं टाक.

चारला मूठभर फुटाणे. रात्री अंगणात हवा सुटली की मुगाचं घट्ट वरण, भाकर आणि कांदा. एवढ्यात दिवसाची 60 ग्रॅम प्रथिनं पुरी होतात. आमरस रविवारी खा पोटभर, तूप घालून, पण त्या दिवशी वरणाची वाटी सोडू नकोस. रस-पोळीनेच पोट भरतं आणि वरण तसंच राहतं, हे आपल्या घरचं नेहमीचं.

लघवी गडद पिवळी झाली किंवा उठताना डोळ्यापुढे अंधारी आली, तर पाणी आणि मीठ कमी पडतंय असं समज. त्या दिवशी धावणं बंद, आणि आजीला लगेच सांग.

तुझी आई