आकृती नसलेल्या कोड्यात काळी घरं कशी शोधायची

प्रश्न: इंग्रजी शब्दकोडी मी नेहमी सोडवते. भावाने अमेरिकेहून आणलेल्या पुस्तकात शेवटी काही ‘डायग्रामलेस’ कोडी आहेत. चौकट दिलेलीच नाही. नुसती आडव्या-उभ्या शब्दांची शोधसूत्रं आणि वर ‘१७ × १७’. पाच-सहा उत्तरं सुचली, पण ती लिहायची कुठे? काळी घरं अंदाजानेच भरायची का?

उत्तर:

अंदाज नको. शोधसूत्रं थोडा वेळ झाका आणि नुसते आकडे वाचा. आडव्यांचे आकडे एका ओळीत लिहून काढा, उभ्यांचे त्याखाली. अर्धी चौकट तिथेच सापडते.

अमेरिकन कोड्यांचे तीन रिवाज आहेत आणि सगळी मदार त्यांवर आहे. प्रत्येक पांढरं घर एका आडव्या आणि एका उभ्या अशा दोन्ही शब्दांत असतं. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द चालत नाही. आणि कागद उलटा धरला, म्हणजे अर्धा फिरवला, तरी काळ्या घरांची नक्षी तीच राहते. आकडे नेहमीसारखेच पडतात: वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे जाताना ज्या घरातून कुठलाही शब्द सुरू होतो त्याला पुढचा आकडा.

आता एखादा आकडा दोन्ही यादीत असेल तर त्या घराच्या डावीकडे काळं घर किंवा कड आहे, आणि वरही तसंच. फक्त उभ्यांत असेल तर वर काळं, पण डावीकडे पांढरं, म्हणजे हे घर आधी सुरू झालेल्या आडव्या शब्दाच्या पोटात आहे. फक्त आडव्यांत असेल तर डावीकडे काळं आणि वर पांढरं. कडेलाही इथे काळंच समजा.

यातून निघणारी एक गोष्ट मला कळायला फार उशीर लागला. आडव्यांच्या यादीत ६ नंतर थेट ११ आला, तर मधले ७, ८, ९, १० कुठे गेले? ते फक्त उभ्यांचे आकडे आहेत, आणि असं घर आडव्या शब्दाच्या पोटातच असतं. ६ नंतर नवा आडवा शब्द सुरूच झालेला नाही, म्हणून ते चारही ६ आडव्याच्या पोटात आहेत. म्हणजे ६ आडवा निदान पाच अक्षरी. तुम्हाला सुचलेलं उत्तर चार अक्षरी असेल तर ते चूक आहे, मग शोधसूत्राला कितीही चपखल बसो. पहिल्या ओळीत तर ‘निदान’सुद्धा नको. तिथे प्रत्येक घराच्या वर कड असल्याने प्रत्येक घराला आकडा मिळतो, म्हणून दोन आडव्या आकड्यांतला फरक हीच पहिल्या शब्दाची नेमकी लांबी.

एक छोटं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. चौकट ७ × ७, शोधसूत्रं नाहीत, फक्त आकडे:

आडवे: १, ४, ६, ८, ९, १०, १२, १३
उभे: १, २, ३, ४, ५, ६, ७, ११

१ आडवा तीन अक्षरी, हे लगेच कळलं. पुढचा ४ दोन्ही यादीत आहे, तेव्हा तो पहिल्याच ओळीत काळ्या घरानंतर असू शकतो किंवा दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत धरला तर त्याची लांबी ६ वजा ४, म्हणजे दोन. दोन अक्षरी शब्द चालत नाही. म्हणून ४ दुसऱ्या ओळीत, आणि पहिल्या ओळीत १ आडव्याशिवाय काहीच नाही.

४ आडव्यात वर काळं असलेली घरं दोनच आहेत, ४ आणि ५. बाकीची घरं १ आडव्याच्या खाली यायला हवीत. १, २, ३ हे उभे शब्द निदान तीन अक्षरी, त्यामुळे त्यांची दुसऱ्या ओळीतली तिन्ही घरं पांढरी. दोन अधिक तीन, ४ आडवा पाच अक्षरी. त्याच्या उजवीकडे दुसऱ्या ओळीत आणखी शब्द मावेल का? मावला तर त्याच्या सगळ्या घरांच्या वर काळं असेल, आणि ६ आडव्याला तशी घरं ६ आणि ७ अशी दोनच आहेत. म्हणजे पुन्हा दोन अक्षरी. नाही चालत. ६ तिसऱ्या ओळीत गेला. तिथेही तोच हिशोब: वरच्या पाच घरांखालची पाच पांढरी, अधिक ६ आणि ७. एकूण सात, पूर्ण ओळ भरली.

आता कागद उलटा करा. आडवे शब्द आठ आहेत. अर्ध्या फेऱ्यात पहिला आडवा शेवटच्याच्या जागी जातो, दुसरा शेवटून दुसऱ्याच्या. म्हणून १३ तीन अक्षरी, १२ पाच, १० सात. मधल्या ओळीला उरले ८ आणि ९. सात घरांत निदान तीन अक्षरी दोन शब्द बसवायचे तर तीन, एक काळं, तीन, याखेरीज मार्ग नाही. चौथ्या ओळीतलं मधलं घर काळं ठरलं. त्याच्या खालच्या घराला ११ उभा मिळतो, आणि खालच्या तीन ओळींतला तो एकच नवा उभा आहे. यादीशी जुळलं.

एकही शब्द न सोडवता सगळ्या आडव्यांची लांबी आणि ओळ कळली. राहिलं ते एवढंच, की वरच्या दोन ओळी डावी-उजवीकडे कुठे सरकतात. ५ हे घर ४ आडव्याच्या टोकाला आहे की ४ च्या लगेच शेजारी, ते आकडे सांगत नाहीत. ७ चंही तसंच. मी चारही शक्यता मांडून पाहिल्या. १ आडवा थेट पाचव्या स्तंभापासून धरला तर ५ उभा मधल्या काळ्या घरावर आपटून दोन अक्षरी होतो, म्हणून ती बाद. उरलेल्या तीन आकड्यांच्या दृष्टीने बिनचूक आहेत. इथे पहिल्यांदा शोधसूत्र उघडायचं, आणि तेही कुठलंही नव्हे, २ उभ्याचं. तो तीन अक्षरी निघाला तर चौकट ही:

```
■ ■ १ २ ३ ■ ■
■ ४ □ □ □ ५ ■
६ □ □ □ □ □ ७
८ □ □ ■ ९ □ □
१० □ □ ११ □ □ □
■ १२ □ □ □ □ ■
■ ■ १३ □ □ ■ ■
```

तो सहा अक्षरी निघाला तर १ आडवा चौथ्या स्तंभापासून, आणि मग ५ उभ्याची लांबी पाहायची: सहा असेल तर ४ आडवा दुसऱ्या स्तंभापासून, चार असेल तर तिसऱ्यापासून. ही डावी-उजवीकडची शंका जवळजवळ प्रत्येक अशा कोड्यात राहते. म्हणूनच पुष्कळ प्रकाशक पहिला शब्द कितव्या स्तंभात सुरू होतो ते दुसरीकडे कुठेतरी उलट्या अक्षरांत छापतात. ते पाहणं म्हणजे लबाडी असं मी तरी मानत नाही.

तुमच्या १७ × १७ मध्ये नुसत्या आकड्यांवर इतकं पुढे जाता येणार नाही, कारण एका ओळीत तीन-चार शब्द असतात. तिथे अक्षरं आणि आकडे जोडीने चालतात. १ आडवा लिहायचा, त्याच्या अक्षरांपासून सुरू होणारे दोन-तीन उभे सोडवायचे. त्या उभ्यांची दुसरी अक्षरं ओळीने वाचली की दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दाचा मधला तुकडा तयार मिळतो. त्या ओळीचं आडवं उत्तर त्या तुकड्यावर पट्टीसारखं सरकवायचं. जिथे अक्षरं जुळतील तिथे तो शब्द बसला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना काळं घर पक्कं. ते काळं घर त्याच क्षणी रंगवा, आणि कागदाच्या उलट्या टोकाला त्याचं जोडघरही.

बसवल्यावर प्रत्येक शब्दाचा ताळा घ्या: त्यातल्या वर काळं असलेल्या घरांना पुढचे आकडे देत जा, पुढचा आडवा आकडा यादीप्रमाणे येतो का पाहा. एकाने जरी चुकला तर एक तर उत्तर चूक आहे किंवा वरच्या ओळीतलं एखादं काळं घर. अशा वेळी पुढे रेटू नका. मी पहिल्या कोड्यात रेटलं होतं, आणि तेराव्या ओळीत पोचल्यावर एक शब्द कागदाच्या बाहेर जायला लागला. चूक तिसऱ्या ओळीत होती. तेव्हापासून १७ च्या कोड्यालाही निदान ३३ घरं रुंद आलेखकागद घेतो आणि सुरुवात वरच्या ओळीच्या मधून करतो. डावी कड सगळ्यात शेवटी आखायची. कोपऱ्यातून सुरू केलंत तर दुसऱ्याच ओळीत डावीकडे जागा संपलेली असेल, कारण ही कोडी बहुधा अशी मधूनच सुरू होतात.

उलट्या कागदाची युक्ती उभ्यांच्या यादीला लावू नका. वरच्या चौकटीत आडव्यांच्या लांब्या ३, ५, ७, ३, ३, ७, ५, ३, दोन्हीकडून सारख्या. उभ्यांच्या मात्र ७, ३, ७, ५, ५, ३, ३, ३. उभ्याला आकडा त्याच्या डोक्यावरून मिळतो आणि कागद फिरवल्यावर डोक्याच्या जागी शेपूट येते, म्हणून क्रम विस्कटतो. काही कोड्यांत सममिती आरशासारखी डावी-उजवी असते किंवा मुळीच नसते. तसं असेल तर बहुधा वर सांगितलेलं असतं, तेवढं आधी वाचा.

आणि हे सगळं आपल्या वर्तमानपत्रांतल्या मराठी शब्दकोड्यांवर आजमावायला जाऊ नका. त्यांतल्या बऱ्याच घरांतून एकच शब्द जातो. वर काळं आणि खालीही काळं असलं की त्या घरातून उभा शब्द सुरू होत नाही, त्याला आकडा मिळत नाही, आणि मग पहिल्या ओळीतसुद्धा आकड्यांच्या फरकाने नेमकी लांबी कळत नाही. ‘निदान इतकी’ एवढंच कळतं. ब्रिटिश चौकटींचीही तीच गत.

तुमच्या पुस्तकातल्या पहिल्या कोड्याचे आडवे-उभे आकडे इथे टाका, शोधसूत्रं नकोत. १ आडवा किती अक्षरी आणि त्या ओळीत आणखी कोण आहे, तेवढं आपण मिळून काढू.